ह्यूमनायझरवर विसंबलेलं लेखन आणि वर्णनात्मक परीक्षा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदवीच्या असाइनमेंट घरून टाइप करून द्यायच्या आणि पुढे राज्यसेवा किंवा यूपीएससीची मुख्य परीक्षा केंद्रावर बसून पेनाने लिहायची, अशा वाटेवर असलेल्या मुलामुलींकडून नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. 2025 पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षाही वर्णनात्मक झाली, त्यामुळे पर्यायासमोर गोळा काळा करून भागण्याचे दिवस तिथे संपले.

ह्यूमनायझर नेमकं करतो काय?

एआयने लिहिलेला मजकूर घेतो आणि तो एआय-डिटेक्टरला माणसाने लिहिल्यासारखा वाटेल असा करून देतो. डिटेक्टर ढोबळमानाने दोन गोष्टी बघतात. पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो आणि वाक्यांची लांबी किती कमी-जास्त होते. एआयचा मजकूर या दोन्ही बाबतींत सपाट असतो. म्हणून ह्यूमनायझर शब्दांना प्रतिशब्द लावतो, एखादं लांब वाक्य तोडतो, दोन छोटी जोडतो, मधूनच बोलभाषेतला तुकडा टाकतो. काही साधनं तर मुद्दाम बारीकसारीक चुकाही पेरतात.

मुद्दे, त्यांचा क्रम, पुरावा आणि निष्कर्ष मात्र जिथल्या तिथे राहतात. म्हणजे ह्यूमनायझरचा खरा वाचक डिटेक्टर हे सॉफ्टवेअर आहे. परीक्षेच्या हॉलमध्ये ते सॉफ्टवेअर नसतं. तुमच्या हस्ताक्षरातला पेपर तपासणाऱ्याला तो कुणी लिहिला याची शंका नसते. त्याला बघायचं असतं ते वेगळंच: प्रश्न कळला का, मुद्दे निवडता आले का, मत पुराव्यानिशी मांडलं का.

पण आलेला मजकूर मी नीट वाचतो, दोन-चार वाक्यं बदलतो. तो सराव नाही का?

तो वाचनाचा आणि थोडाफार मुद्रितशोधनाचा सराव आहे, लेखनाचा नव्हे. लिहिताना जे अवघड असतं ते वाक्य सुरू होण्याआधीच घडतं. आठवणीतून आठ मुद्दे वर येतात, त्यांतले पाच सोडून द्यावे लागतात, उरलेल्या तिघांपैकी कुठला आधी घ्यायचा हे ठरवावं लागतं. एआय आणि ह्यूमनायझर या जोडीत यातला एकही निर्णय तुमच्याकडे येत नाही. तुमच्यापुढे येतो तो निर्णय होऊन गेलेला मजकूर, आणि तो वाचताना ‘हो, हे मला माहीतच होतं’ असं वाटतं.

हे ‘माहीतच होतं’ फसवं असतं. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचला आणि मग तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना सुमारे 40 टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना सुमारे 61 टक्के. आपल्याला जास्त लक्षात राहील असा भरवसा वाचणाऱ्यांनाच अधिक होता, हे विशेष.

वेळेचं गणित खरंच इतकं घट्ट आहे का?

यूपीएससीच्या सामान्य अध्ययनाचा एक पेपर घ्या. 250 गुण, तीन तास, 20 प्रश्न. दहा प्रश्न 10 गुणांचे, 150 शब्दांत. दहा प्रश्न 15 गुणांचे, 250 शब्दांत. एकूण 4000 शब्द. म्हणजे एका गुणाला सुमारे 43 सेकंद, 10 गुणांच्या उत्तराला सव्वासात मिनिटं आणि 15 गुणांच्या उत्तराला अकरा मिनिटांना थोडी कमी.

सव्वासातपैकी एक मिनिट प्रश्न समजून मुद्दे ठरवण्यात जातं, पाऊण मिनिट पान उलटण्यात आणि नजर फिरवण्यात. लिहायला उरतात साडेपाच मिनिटं. 150 शब्द पुरे करायचे तर मिनिटाला 27 शब्द लिहावे लागतील आणि मराठी जोडाक्षरं, वेलांट्या, मात्रा धरून तो वेग बहुतेकांना टिकवता येत नाही. म्हणून प्रत्यक्षात 110 ते 130 शब्दांत उत्तर बसवणं हेच शहाणपणाचं. तसे पेपर दिवसाला दोन असतात.

राज्यसेवेचा नवा आराखडाही याच वळणाचा आहे. निबंध, सामान्य अध्ययनाचे चार आणि वैकल्पिक विषयाचे दोन असे प्रत्येकी 250 गुणांचे सात पेपर गुणवत्तेसाठी धरले जातात, शिवाय मराठी आणि इंग्रजीचे पात्रतेपुरते दोन पेपर. मिनिटभरात मुद्दे ठरवता येणं ही इथली खरी किल्ली आहे आणि ह्यूमनायझर वापरणाऱ्याच्या हातून नेमकं तेच मिनिट कधी जात नाही.

एक उत्तर प्रत्यक्ष दाखवता येईल का?

प्रश्न धरू: ‘जलयुक्त शिवार अभियानाच्या उपलब्धी व मर्यादा यांचे परीक्षण करा.’ 10 गुण, 150 शब्द.

एआयची सुरुवात साधारण अशी येते: ‘जलयुक्त शिवार अभियान हा महाराष्ट्र शासनाचा एक महत्त्वाकांक्षी उपक्रम असून त्याने ग्रामीण भागातील जलसंधारणाला नवी दिशा दिली आहे. तथापि, अंमलबजावणीत काही आव्हाने दिसून आली.’

ह्यूमनायझरमधून काढल्यावर: ‘महाराष्ट्र सरकारने जलयुक्त शिवार नावाची मोठी योजना आणली. खेड्यापाड्यांत पाणी अडवायच्या कामाला तिने वेगळं वळण दिलं. अडचणी आल्या नाहीत असं नाही.’

दुसरं वाचायला बरं आहे, नाकारायचं कारण नाही. पण दोन्हींत साल नाही, उद्दिष्ट नाही, कुठली अडचण ते नाही, आणि ‘परीक्षण करा’ म्हटल्यावर जो निवाडा द्यायचा असतो त्याचा मागमूस नाही. परीक्षक दोन्हींना सारखेच गुण देईल, म्हणजे जवळपास काहीच नाही.

आता तेच उत्तर पेनाने लिहायला बसलेल्या उमेदवाराचं पहिलं मिनिट बघा. तो समासात पेन्सिलीने एवढंच खरडतो: ‘डिसें. 2014, दुष्काळमुक्त 2019, वर्षाला 5000 गावं / बांध, खोलीकरण, गाळ / कॅग 2020, भूजल / देखभाल, ऊस / निवाडा’. या दीड ओळीत चार निर्णय झालेले आहेत. प्रस्तावना उद्दिष्टाच्या आकड्यावर उभी करायची. उपलब्धीला दोनच वाक्यं द्यायची. मर्यादांचा कणा म्हणून महालेखापरीक्षकांचा 2020 मध्ये विधिमंडळासमोर आलेला अहवाल घ्यायचा, कारण भूजल पातळी वाढवण्यात साडेनऊ हजार कोटींहून अधिक खर्चाचा फारसा परिणाम दिसला नाही असं तो सांगतो. आणि शेवटी स्वतःचं मत द्यायचं: कामं झाली, पण देखभाल आणि पीकपद्धती हे दोन धागे सुटले.

आता पेन चालतं: ‘2019 पर्यंत राज्य दुष्काळमुक्त करण्यासाठी दरवर्षी 5000 गावे हे लक्ष्य ठेवून डिसेंबर 2014 मध्ये अभियान सुरू झाले.’ एका वाक्यात साल, हेतू, आकडा. वाक्यात अलंकार नाही, ते डिटेक्टरला कसं वाटेल कोण जाणे, पण परीक्षकाचं पेन तिथे थांबतं.

साधनाची सवय लागलेल्याचं हॉलमध्ये नेमकं काय बिघडतं?

उत्तरपत्रिकांत ते चार ठिकाणी दिसतं.

प्रस्तावना अर्धं पान खाते. पुढे काय लिहायचं हे ठरलेलं नसलं की माणूस विषयाची महती गात बसतो. 150 शब्दांच्या उत्तरात 60 शब्द गेले की मूळ प्रश्नाला 90 उरतात.

दुसरं म्हणजे प्रश्नातलं क्रियापद हरवतं. ‘चर्चा करा’, ‘परीक्षण करा’, ‘स्पष्ट करा’ या तिन्हींना एकच साचा लावला जातो: फायदे, तोटे, पुढचा मार्ग. साधनाला प्रश्न चिकटवून दिला की क्रियापदाकडे आपण बघतच नाही, ती नजर तयार होत नाही.

तिसरं, खाडाखोड. पडद्यावर परिच्छेद उचलून वर नेता येतो. कागदावर तिसरा मुद्दा लिहिताना कळलं की तो पहिला हवा होता, तर बाण काढण्याशिवाय गत्यंतर नसतं. क्रम आधी ठरवण्याची सवय फक्त पेनाने लिहूनच लागते, कारण चुकीची किंमत तिथेच मोजावी लागते.

चौथं नुकसान शेवटच्या तासात कळतं. पंधराव्या प्रश्नानंतर हात दुखतो, अक्षर फुगतं, वाक्यं लांबतात. शेवटचे तीन प्रश्न कोरे राहिले तर 30 ते 45 गुण गेले. लिहिण्याची ताकद हा शरीराचाही भाग आहे आणि ती आठवड्याभरात येत नाही.

साधन काढून घेतल्यावर कामगिरी घसरते, याला काही आधार आहे का?

लेखनाबद्दलचा मोठा आणि निर्विवाद अभ्यास म्हणून बोट दाखवावं असं अजून फार नाही. सगळ्यांत स्वच्छ दाखला गणिताचा आहे. तुर्कस्तानातल्या शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर झालेला प्रयोग 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. सरळ उत्तर देणारा चॅटबॉट हाताशी असलेल्या मुलांचे सरावातले गुण 48 टक्क्यांनी वाढले, पण तो काढून घेऊन परीक्षा घेतल्यावर तीच मुलं, कधीच चॅटबॉट न वापरलेल्यांपेक्षा 17 टक्क्यांनी मागे पडली. उत्तर न देता फक्त सूचना देणारा चॅटबॉट ज्यांच्याकडे होता, त्यांचं हे नुकसान जवळपास झालंच नाही.

लेखनाबाबत एमआयटी मीडिया लॅबचा 2025 चा अभ्यास बराच गाजला. चॅटबॉटने निबंध लिहिलेल्यांपैकी बहुतेकांना आपल्याच निबंधातलं एक वाक्यही नीट सांगता आलं नाही. पण त्यात 54 जणच होते, आणि तो समीक्षेआधीच लोकांसमोर आला. त्यावरून मेंदू कायमचा बिघडतो वगैरे जे फिरवलं गेलं ते मनावर घेऊ नये.

मी सगळं स्वतःच लिहितो. डिटेक्टर उगाच पकडेल म्हणून फक्त शेवटी ह्यूमनायझर मारतो. त्यात काय बिघडलं?

भीती खोटी नाही. ओपनएआयने जानेवारी 2023 मध्ये स्वतःचा डिटेक्टर आणला आणि अचूकता कमी म्हणून त्याच जुलैत काढून घेतला. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेलसाठी लिहिलेले निबंध अनेक डिटेक्टर एआयचे ठरवतात, हेही स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2023 मध्ये दाखवलं. आपल्याकडच्या मराठी माध्यमातल्या मुलाचं सरळ, साध्या शब्दांतलं इंग्रजी याच जाळ्यात सापडतं.

तरी ह्यूमनायझर हा त्यावरचा उपाय नाही. एक तर स्वतःचं लिखाण त्यातून काढलं की ते खरोखरच यंत्राने फिरवलेलं होतं, आणि अशी फिरवाफिरव ओळखण्याच्या सोयीही आता डिटेक्टरांत आल्या आहेत. दुसरं, अभ्यासाच्या दृष्टीने मोठं नुकसान: तुमचं वाक्य कुठे ढिलं होतं हे तुम्हाला कधी दिसतच नाही, कारण ते गुपचूप बदललं जातं.

त्यापेक्षा पुरावा ठेवा. गूगल डॉक्समध्ये सुरुवातीपासून लिहा, म्हणजे ‘आवृत्ती इतिहास’ आपोआप तयार होतो. हाताने काढलेल्या टिपणांचे फोटो तारखेनिशी ठेवा. शंका घेतली गेली तर प्राध्यापकांना म्हणा, ‘सर, यातला कुठलाही परिच्छेद विचारा, मी समोर बसून पुन्हा लिहून दाखवतो.’ ज्याने लिहिलं आहे त्याला हे जमतं.

मराठी माध्यमातून पेपर देणाऱ्यांना हा धोका कमी आहे का?

उलट थोडा जास्तच. बहुतेक ह्यूमनायझर इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून घडवलेले आहेत. मराठी मजकुरावर त्यांचं पहिलं काम पारिभाषिक शब्द मोडण्याचं होतं, कारण प्रतिशब्द लावायचा हाच त्यांचा धंदा. ‘भूजल पुनर्भरण’चं ‘जमिनीखालचं पाणी परत भरणं’ होतं, ‘पाणलोट क्षेत्र’चं ‘पाणी वाहण्याचा भाग’. सामान्य अध्ययनाच्या पेपरात गुण मिळतात ते नेमक्या याच संज्ञांना. सहा महिने अशी सैल मराठी वाचत राहिलात तर हॉलमध्ये संज्ञेऐवजी तिचं वर्णनच आठवतं.

शुद्धलेखनाचंही तसंच. कीबोर्ड ‘पद्धत’, ‘परीक्षा’, ‘विद्यार्थ्यांनी’ हे शब्द सुचवून देतो, पेन सुचवत नाही. अनिवार्य मराठीचा पेपर पात्रतेपुरता असला तरी त्यात नापास झालात तर बाकीच्या पेपरांचे गुण धरले जात नाहीत, हे विसरू नका.

आपली सवय किती गेली आहे हे घरच्या घरी कसं तपासायचं?

महिन्याभरापूर्वी ह्यूमनायझरमधून काढून दिलेली एखादी असाइनमेंट निवडा. ती न उघडता, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, तोच प्रश्न कोऱ्या कागदावर सात मिनिटांत लिहा. मग दोन्ही शेजारी ठेवा.

तीन गोष्टी मोजा. पहिला शब्द कागदावर पडायला किती वेळ लागला: दीड मिनिटापेक्षा जास्त असेल तर मुद्दे आठवण्यात अडचण आहे. खरं-खोटं तपासता येईल अशी ठोस माहिती, म्हणजे साल, आकडा, कायदा, अहवाल, ठिकाण, किती वेळा आली: 120 शब्दांत तीनपेक्षा कमी असेल तर वाचन पक्कं झालेलं नाही. आणि शेवटच्या दोन वाक्यांत तुमचं मत आहे की ‘सर्वांनी मिळून प्रयत्न करायला हवेत’ छापाचं वाक्य आहे. हे छापाचं वाक्य यंत्राकडून उचललेल्या सवयीची पक्की खूण मानावी.

मुख्य परीक्षेला तीन महिने आहेत. सवय परत कशी आणायची?

आकडे आपल्या वेगाप्रमाणे थोडे पुढे-मागे करा, क्रम मात्र बदलू नका.

पहिले तीन आठवडे पूर्ण उत्तरं लिहूच नका. रोज पाच प्रश्न घ्या आणि प्रत्येकासाठी एक मिनिटात फक्त समासातली दीड ओळ काढा. मग पुस्तक उघडून काय सुटलं ते लाल पेनाने लिहा. हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच बहुतेक जण ते टाळून थेट सराव पेपरांच्या मागे लागतात. पण मोडलेला भाग हाच असतो.

पुढचे पाच आठवडे रोज दोन उत्तरं, घड्याळ लावून. सुरुवातीला 10 गुणांच्या उत्तराला दहा मिनिटं द्या आणि दर आठवड्याला साधारण पाऊण मिनिट कमी करत सव्वासातवर या. उत्तर झालं की लगेच तपासू नका, दुसऱ्या दिवशी तपासा. तेव्हा ते परक्याचं वाटतं आणि ढिली वाक्यं दिसतात. त्यातला सगळ्यांत वाईट परिच्छेद तेवढा पुन्हा लिहा, अख्खं उत्तर नको.

शेवटच्या चार-पाच आठवड्यांत आठवड्याला एक पूर्ण तीन तासांचा पेपर, शक्यतो परीक्षेच्याच वेळेला. निबंधाचा सराव वेगळा धरा: यूपीएससीत तीन तासांत 1000 ते 1200 शब्दांचे दोन निबंध असतात, म्हणजे एकाला दीड तास. त्यातली पहिली वीस मिनिटं आराखड्याला गेली तरी बिघडत नाही.

टाइप करून सराव केला तर?

मुद्दे ठरवण्यासाठी चालेल, पण मागे जाऊन दुरुस्ती न करण्याचा नियम घालून. वेग आणि दम यांसाठी कागदच लागतो. संगणकावर आयईएल्ट्स देणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथे 40 मिनिटांत किमान 250 शब्द टाइपच करायचे असतात, तेव्हा सरावही कीबोर्डवरच हवा, फक्त शब्दतपासणी बंद ठेवून.

मग एआय पूर्णच सोडायचं का?

नाही. क्रम उलटा करा. आधी तुमचं उत्तर कागदावर लिहून होऊ द्या, मग ते टाइप करून त्याला विचारा: प्रश्नातलं कुठलं अंग राहिलं, कुठलं विधान पुराव्याविना आहे, कुठे पुनरुक्ती आहे. ‘हे सुधारून दे’ असं म्हणू नका, कारण सुधारून दिलं की गोष्ट पुन्हा वाचनावर येते. आणि त्याने सांगितलेलं साल किंवा आकडा मूळ पुस्तकात बघितल्याशिवाय वहीत उतरवू नका. न घडलेल्या समित्यांचे अहवाल ही साधनं बेधडक सांगतात.

हे सगळं पटलं, पण असाइनमेंट उद्या द्यायची आहे आणि काहीच लिहिलेलं नाही. आज काय करू?

तासभर काढा. संदर्भपुस्तकातलं संबंधित प्रकरण वीस मिनिटं वाचा आणि पुस्तक मिटा. पाच मिनिटांत समासातली दीड ओळ. पुढची पंचवीस मिनिटं न थांबता लिहा किंवा टाइप करा, अडलं तिथे फुली मारून पुढे जा. उरलेल्या दहा मिनिटांत पुस्तक उघडून फुल्या भरा आणि आकडे तपासा. एवढ्यात 400 ते 500 शब्द होतात. शब्दमर्यादा हजाराची असेल तर दोन-चार गुण जातील, किंवा सर एक दिवस वाढवून देतात का ते विचारून बघा.